घटक चाचणीची सूचना: ‘पूर्ण धडा करून या’ याऐवजी काय लिहावं?

शाईची_दौत

नमस्कार. मी दहावीला विज्ञान शिकवते, हे माझं तिसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात भिंगांच्या धड्यावर २० गुणांची घटक चाचणी आहे. वर्गात वाचून दाखवायला आणि सूचनाफलकावर लावायला मी हे लिहिलंय:

> भिंगे हा धडा पूर्ण. सर्व व्याख्या, सूत्रे, आकृत्या व गणिते येतील. मानवी डोळा व दृष्टिदोष महत्त्वाचे. चाचणी २० गुणांची असेल. सर्वांनी नीट अभ्यास करून यावे.

आधीच्या चाचणीलाही अशीच सूचना दिली होती. मुलं अभ्यास करून आली होती, हे त्यांच्या वह्यांवरून कळत होतं. व्याख्या तोंडपाठ होत्या, पण आकृत्या अर्धवट आणि गणितं जवळपास कोरी. एक मुलगी नंतर म्हणाली, “बाई, मी चार वेळा धडा वाचला.” ते मनाला लागलं. कष्ट केले होते तिने, फक्त भलत्या गोष्टीवर. चूक माझ्या सूचनेत आहे असं वाटतंय. सूचनेत काय बदलू?

---

आईची_वही

आमच्याकडेही हेच. मुलीच्या वहीत नुसतं ‘धडा ५ ते ७, सोमवार’ एवढंच लिहून येतं. त्यात रोजचा गृहपाठ वेगळा, तो रात्री दहापर्यंत संपत नाही. चाचणीच्या आठवड्यात गृहपाठ कमी केला तर मुलांना उजळणीला वेळ मिळेल. शिक्षकांनी याचा विचार करायला हवा.

---

शाईची_दौत

ताई, गृहपाठाचं पटतंय, त्या आठवड्यात मी नवीन काही देत नाही. माझा प्रश्न मात्र सूचनेच्या मजकुराबद्दल आहे.

---

जुना_फळा

मी ३१ वर्षं विज्ञान आणि गणित शिकवलं. तुम्ही चुकीची जागा बरोबर ओळखलीत. सूचनेत तुम्ही धड्यातले भाग सांगितलेत. त्या भागाचं मुलाने कागदावर काय करायचं, ते सांगितलेलं नाही. ‘आकृत्या येतील’ हे वाचून मूल पुस्तकातल्या आकृत्या पाहतं. पाहिल्यावर त्या ओळखीच्या वाटतात आणि झालं असं समजून ते पान उलटतं. तेच जर ‘वस्तू कुठे आहे ते दिलं जाईल, कोऱ्या कागदावर दोन किरण काढून प्रतिमा शोधायची’ असं लिहिलंत, तर मूल पट्टी-पेन्सिल घेऊन बसेल.

पण त्याआधी एक विचारतो. प्रश्नपत्रिका तयार आहे का? सूचना आधी आणि पत्रिका नंतर लिहिली की दोन्हींचा मेळ बसत नाही. आपण ‘दृष्टिदोष महत्त्वाचे’ म्हणतो आणि पत्रिकेत त्याला ३ गुण निघतात.

---

शाईची_दौत

सर, पत्रिका कच्ची तयार आहे. एका गुणाचे ५ प्रश्न, किरणाकृती २ (प्रत्येकी ३), गणितं २ (प्रत्येकी ३), दृष्टिदोषावर १ (३ गुण). एकूण २०. तास ४० मिनिटांचा आहे. आणि तुम्ही म्हणालात तेच झालंय, दृष्टिदोषांना खरंच ३ गुण आहेत.

---

जुना_फळा

मग हे करा. घड्याळ लावून स्वतः पूर्ण पत्रिका सोडवा, आकृत्या पट्टीने काढून. तुम्हाला लागेल त्याच्या तिप्पट वेळ वर्गातल्या मधल्या मुलाला लागतो असं धरा. हा माझा अनुभवाचा आडाखा आहे, नियम नाही. तासाच्या ४० मिनिटांतली पाचेक मिनिटं कागद वाटण्यात आणि गोळा करण्यात जातात, म्हणजे हातात ३५.

---

गणित_मित्र

मी खाजगी शिकवणी घेतो. माझा अनुभव सांगतो. गणितं कोरी राहतात त्याचं कारण सूचना नाही, चिन्हं आहेत. मुलांना u ऋण, f धन या भानगडीत अडकवूच नका. `1/v + 1/u = 1/f` घ्या आणि सगळे आकडे धन टाका. बहिर्गोल भिंग, f २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. 1/v = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणून v ६० सेमी. बरोबर आलं की नाही? सूचनेत फक्त लिहा, ‘सूत्र व त्यावरील गणिते’. पुरेसं आहे.

---

जुना_फळा

तुमचं उदाहरण फार उपयोगी आहे, तेच पुढे नेतो, कारण बाईंच्या सूचनेत काय हवं ते त्यातूनच निघतं.

पुस्तकातल्या चिन्ह संकेताने u = −३० आणि f = +२०. सूत्र `1/v − 1/u = 1/f`. उत्तर ६०. आता तीन मुलं बघा.

पहिल्याने भिंगाचं सूत्र बरोबर लिहिलं, पण u धन टाकला: 1/v = 1/20 + 1/30 = 5/60, म्हणजे v = १२.

दुसऱ्याने u = −३० बरोबर टाकला, पण सूत्र आरशाचं लिहिलं, मध्ये अधिक चिन्ह असलेलं. 1/v − 1/30 = 1/20, पुन्हा १२.

तिसऱ्याने दोन्ही चुका केल्या. त्याचं उत्तर ६०. पूर्ण बरोबर.

म्हणजे नुसतं उत्तर बघून १२ वाल्या दोघांपैकी कोणाला काय समजलेलं नाही ते कळत नाही, आणि ६० वाल्याला तर सगळं येतं असंच वाटतं. तो पकडला जातो पुढच्या पायरीवर. विशालन काढताना तो ६० ला धन ३० ने भागतो, +२ मिळतं, आणि लिहितो ‘प्रतिमा सुलटी’. प्रत्यक्षात m = −२, प्रतिमा उलटी.

तुमची पद्धत चूक आहे असं मी म्हणणार नाही. वास्तव प्रतिमेचं अंतर धन मानणारा तो एक वेगळा संकेत आहे आणि नीट पाळला तर चालतो. पण त्यात विशालनाचं सूत्रही बदलावं लागतं, `m = −v/u`, आणि अंतर्गोल भिंगाचं f तरीही ऋणच राहतं. वर्गात एक संकेत आणि शिकवणीत दुसरा, अशी मुलं दोन्हींतलं अर्धं अर्धं घेऊन येतात. १२ तिथूनच येतं.

---

गणित_मित्र

विशालनाचं मी लक्षात घेतलं नव्हतं. माझी मुलं v बरोबर काढतात आणि प्रतिमेच्या स्वरूपात चुकतात, ते आत्ता उमगलं. पण धन आकड्यांनी सुरुवात केल्यावर मुलांची भीती जाते, या मतावर मी ठाम आहे.

---

मागचा_बाक

मी अकरावीत आहे. गेल्याच वर्षी हे सगळं केलंय म्हणून लिहितो. आम्हाला पायऱ्यांना गुण असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. उत्तर चुकणार असं वाटलं की मी अख्खं गणित सोडून द्यायचो, कारण शून्यच मिळणार असं वाटायचं. ‘दिलेली माहिती चिन्हांसह लिहिली तरी १ गुण’ असं सूचनेत असतं तर निदान तेवढं लिहिलं असतं.

आणि ‘महत्त्वाचे’ हा शब्द. बाईंनी दृष्टिदोष महत्त्वाचे म्हटलं तर मी तरी बाकी सगळं सोडून तेच केलं असतं.

---

शाईची_दौत

हे वाचून गलबलून आलं. कोऱ्या गणितांचं कारण मी ‘अभ्यास नाही’ असं धरलं होतं.

सर, पत्रिका सोडवली. १४ मिनिटं लागली. तिप्पट म्हणजे ४२. बसत नाही. सगळ्यात जास्त वेळ आकृत्यांना जातो.

---

जुना_फळा

गुण कमी करू नका, प्रश्न जोडा. एक किरणाकृती आणि एक गणित एकाच माहितीवर द्या. f २०, वस्तू ३० सेमीवर, वस्तूची उंची १० सेमी. प्रमाण ‘१ सेमी म्हणजे १० सेमी’ घेतलं तर भिंगापासून नाभी २ सेमीवर, वस्तू ३ सेमीवर, प्रतिमा ६ सेमीवर. वहीच्या रुंदीत आरामात बसतं. दुसरी आकृती पट्टीच्या मापाशिवाय हाताने काढू द्या, तिथे फक्त प्रतिमा कुठे आणि कशी ते बघायचंय.

याचा मोठा फायदा वेळेपलीकडचा आहे. आकृती आधी काढलेली असली की मुलाला स्वतःची चूक स्वतःला सापडते. वस्तू F₁ आणि 2F₁ यांच्यामध्ये आहे, म्हणजे प्रतिमा 2F₂ च्या पलीकडे हवी, ४० सेमीहून लांब. गणितात १२ आलं तर आकृती आणि आकडा भांडतात. हे भांडण दिसायला हवं. सूचनेत स्पष्ट लिहा की आकृती आधी, गणित नंतर, आणि दोन्ही जुळतात का ते पाहा.

---

सरळ_रेषा

मी जरा विरोधी बोलते. मी नववी-दहावीला शिकवते. एवढं सगळं सांगितलं तर मुलं तेवढंच करतील. कोणत्या भागाला किती गुण हे मी कधीच सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तर ३ गुणांचा भाग निम्म्या वर्गाने सोडून दिला. ‘१७ पैकी मिळवू’ म्हणाली मुलं. घटक चाचणीचा उद्देश पूर्ण घटक तपासणं हा असतो.

---

जुना_फळा

ही भीती खरी आहे, मलाही हा अनुभव आलाय. मी शेवटी असं करत असे: प्रश्नांचा प्रकार आणि गुण सांगायचे, पण कोणती स्थिती येईल ते नाही. बहिर्गोल भिंगासमोर वस्तूच्या सहा स्थिती आहेत. अनंत अंतरावर, 2F₁ च्या पलीकडे, 2F₁ वर, मध्ये, F₁ वर, आणि F₁ व भिंग यांच्यामध्ये. ‘यांतली कोणतीही येईल’ असं म्हटलं की सहाही कराव्या लागतात. आणि लहान भाग सुटू नये म्हणून तो दुसऱ्याला बांधायचा. निकटदृष्टितेचा प्रश्न भिंगाच्या शक्तीच्या गणितातूनच विचारा. एखाद्याला २ मीटरपलीकडचं स्पष्ट दिसत नाही, तर चष्म्याचं भिंग कोणतं आणि शक्ती किती? f = −२ मी, P = −०.५ डायॉप्टर, अंतर्गोल. दृष्टिदोष सोडला तर गणितही जातं.

---

सरळ_रेषा

बांधायची कल्पना चांगली आहे. पण मग ज्याला दृष्टिदोष समजलाय आणि फक्त भागाकारात चुकतो, त्याचंही दोन्हीकडे नुकसान होतं. गुण सांगण्याबाबत माझं मत तूर्त तेच आहे.

---

मागचा_बाक

शक्तीच्या गणितावरून आठवलं, मीटर! २० सेमीचं भिंग आणि मी 1/20 करून ०.०५ डायॉप्टर लिहिलं होतं. हवं होतं ५. सेंटिमीटरचे मीटर करायचे हे वर्गात ऐकलं होतं, पण सगळी गणितं सेमीत सोडवत आलो आणि तिथे एकदम बदलायचं राहून गेलं.

---

आईची_वही

मी विज्ञानाची नाही, त्यामुळे घरी मुलीला काय विचारावं हेच मला कळत नाही. ती म्हणते “वाचलं”, मी म्हणते बरं. सूचनेत घरच्यांना तपासता येईल असं काही देता येईल का?

---

जुना_फळा

ताई, हा प्रश्न आमच्या सगळ्या चर्चेपेक्षा कामाचा आहे. मुलीला पुस्तक मिटायला सांगा, कोरा कागद द्या आणि म्हणा, ‘सहा आकृत्या काढ’. काढून झाल्या की पुस्तक उघडून तिनेच ताडून बघायच्या. तुम्हाला विज्ञान यायची गरज नाही. किती आकृत्या न बघता निघाल्या, एवढंच मोजा.

यावर रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. ‘चार वेळा धडा वाचला’ म्हणणाऱ्या मुलीला रात्री सगळं येतंय असं वाटलं असणार, आणि ते तेव्हापुरतं खरंही असेल. म्हणून सूचना आदल्या दिवशी देऊ नका. निदान आठवडाभर आधी द्या, नाहीतर आठवून लिहायला दिवसच उरत नाहीत.

---

शाईची_दौत

सगळ्यांचं वाचून नवी सूचना लिहिली. आज वर्गात वाचून दाखवली. नंतर तीन मुलांना ती आपल्या शब्दांत सांगायला लावली. एकाने ‘प्रमाण’ म्हणजे पुरावा समजला होता, म्हणून ती ओळ बदलली.

> भिंगे: घटक चाचणी, २० गुण, लिहायला ३५ मिनिटे
>
> पट्टी, पेन्सिल, खोडरबर आणा. कॅल्क्युलेटर नाही. सूत्रे पत्रिकेत दिलेली नसतील.
>
> १) एका वाक्यात उत्तरे, ५ गुण. उदाहरणार्थ: ‘अंतर्गोल भिंगाच्या नाभीय अंतराचे चिन्ह कोणते?’ व्याख्या पाठ म्हणायला सांगणार नाही.
>
> २) एकाच माहितीवर आकृती आणि गणित, ६ गुण. आकृती मापाने काढायची: कागदावरचा १ सेमी म्हणजे खरे १० सेमी. आकृती आधी काढा. गणितात माहिती चिन्हांसह लिहिली तर १ गुण, सूत्र लिहून किमती टाकल्या तर १ गुण, उत्तर एककासह आणि प्रतिमा कशी आहे ते लिहिले तर १ गुण. शेवटचे उत्तर चुकले तरी आधीचे गुण मिळतील. आकृती आणि उत्तर जुळत नसेल तर चिन्हे पुन्हा तपासा.
>
> ३) हाताने काढायची किरणाकृती, ३ गुण. वस्तूच्या सहा स्थितींपैकी कोणतीही. दोन किरण, बाणांसह.
>
> ४) भिंगाची शक्ती, गणित, ३ गुण. नाभीय अंतर मीटरमध्ये करून घ्या.
>
> ५) दृष्टिदोष, ३ गुण. एखाद्याला काय दिसत नाही ते सांगितले जाईल. दोष कोणता, भिंग कोणते आणि का, ते लिहायचे.
>
> या वेळी येणार नाही: भिंगांचे संयोग, दृष्टिसातत्य.
>
> तयारी अशी करा: पुस्तक मिटून सहा आकृत्या काढा, मग ताडून पाहा. एक दिवस सोडून पुन्हा काढा.

दृष्टिदोष आणि शक्ती मी वेगळेच ठेवले, सरळ_रेषा यांचं म्हणणं मला पटलं. गुण मात्र सांगितले.

---

जुना_फळा

उत्तम. ‘येणार नाही’ ही ओळ लिहिलीत ते विशेष आवडलं, ती लिहायला शिक्षक कचरतात. फक्त सूत्रांबद्दल फेरविचार करा. तुम्हाला तपासायचंय की मूल चिन्हं वापरून विचार करतं का. मग दोन्ही सूत्रं, भिंगाचं आणि आरशाचं, पत्रिकेत छापा आणि योग्य ते निवडू द्या. पाठांतराचं ओझं जाईल आणि गोंधळ असेल तर तोही उघडा पडेल.

---

सरळ_रेषा

याला माझा साफ विरोध. वार्षिक परीक्षेत सूत्र कोणी देत नाही. सवय लागायला हवी.

---

गणित_मित्र

इथे मी सरळ_रेषा यांच्या बाजूने. माझ्या मुलांना दोन सूत्रं शेजारी शेजारी दिली तर नक्की चुकीचं उचलतील.

---

शाईची_दौत

चाचणी झाली, कागद तपासले, म्हणून कळवते. या वेळी सूत्रं दिली नव्हती.

गणिताची जागा पूर्ण कोरी असलेले फक्त दोन कागद निघाले, त्यातला एक मुलगा आठवडाभर आजारी होता. सात जणांचं उत्तर १२ आलं. पायऱ्या लिहिलेल्या असल्यामुळे बघता आलं: पाच जणांनी u धन टाकला होता, दोघांनी आरशाचं सूत्र लिहिलं होतं. दोन गटांना वेगवेगळं शिकवायला हवं, हे मला आधी कधी कळलंच नसतं. सातांपैकी तिघांची आकृती अगदी बरोबर होती, प्रतिमा ६ सेमीवर, आणि खाली शांतपणे v = १२ सेमी. जुळवून बघा असं लिहूनही त्यांनी बघितलं नाही. एका मुलीने मात्र १२ खोडून ६० केलंय आणि बाजूला पेन्सिलने लिहिलंय, ‘आकृतीत लांब आहे’. चार वेळा धडा वाचणारी तीच.

वेळ अजूनही कमी पडला. पाचवा प्रश्न अकरा जणांचा अपुरा राहिला, आणि तो येत नव्हता की वेळ नव्हता हे कागदावरून सांगता येत नाही.

आकृती आणि आकडा जुळवण्यासाठी वेगळा १ गुण ठेवावा का? ‘माझं उत्तर आकृतीशी जुळतं / जुळत नाही, कारण…’ अशी एक ओळ लिहायला लावून?

---

जुना_फळा

ठेवा. आणि ‘जुळत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यालाही तो गुण द्या, हे सूचनेतच लिहा. गुण कुठून काढाल ते मात्र बघावं लागेल, मी पहिल्या प्रश्नातला एक कमी केला असता.

---

सरळ_रेषा

चूक आहे हे ओळखलं पण सुधारली नाही, त्याला गुण? यावर मला विचार करावा लागेल. माझ्या वर्गाची चाचणी पुढच्या महिन्यात आहे, विद्युतधारेवर. तिथे आकृतीने ताडून बघण्यासारखं काय असेल, कुणी सांगेल का?